‘टॅक्स डिफरल’ला मराठीत काय म्हणायचं? (स्थगिती सोडून)

नौपाडेकर: सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी गुंतवणुकीचं पत्रक मराठीत करतोय. ‘करस्थगिती’ लिहिलं तर खालचे वकीलकाका म्हणे, कुठल्या कोर्टाने दिली? ‘करविलंब’ लिहिलं तर बायको म्हणते दंड बसल्यासारखं वाटतं. सुचवा.

वाशीकरीण: विलंब नकोच! माझा ॲडव्हान्स टॅक्स राहिला तर महिन्याला 1 टक्का व्याज लावलं. पुढे ढकलण्यात कसला आलाय फायदा, उलट खिशाला चाट.

घणसोलीचा सीए: ताई, तो उशीर. कर देय झाला होता, तुम्ही भरला नाहीत. इथे देय व्हायची वेळच पुढे जाते. समजा 10 लाख, दोन्हीकडे 7 टक्के, तुम्ही 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, सेस सोडून द्या. एफडीच्या व्याजावर दरवर्षी कर, म्हणजे हातात 4.9 टक्केच वाढ, 10 वर्षांनी 16.13 लाख. एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या डेट फंडालाही स्लॅबचाच दर, पण कर विकताना, एकदाच. तिथे कर भरून 16.77 लाख उरतात. दर तोच, फरक 63 हजारांच्या वर.

खारेगावकर: थांबा हो, मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. एफडीवाल्याने एकूण 2.63 लाख कर भरला आणि फंडवाल्याने 2.90. म्हणजे ढकलणाऱ्याचाच कर जास्त गेला की! वाचलं काय?

घणसोलीचा सीए: बरोबर, कर जास्तच गेला आणि तरी तो पुढे आहे. पहिल्या वर्षीचे 70 हजार व्याज घ्या, एफडीवाल्याचे त्यातले 21 हजार गेले. फंडवाल्याचे तेच 21 हजार नऊ वर्षं कमवत राहिले, सरकारने जणू बिनव्याजी हातउसने दिले. त्या कमाईवरही कर आहे, पण तो कापून उरतं ते त्याचं. अर्थात फंडाचे 7 टक्के कोणी लिहून देत नाही, आणि विकायच्या वर्षी सगळा नफा एकदम उत्पन्नात येऊन स्लॅब वर गेला तर हा फायदा त्यातच जिरतो.

मुरबाडचा पण आता ऐरोली: शब्द आहे की घरातलाच, तहकूब! आजोबा सांगायचे, दुष्काळात सारा तहकूब झाला तर पुढे भरायचा, सूट मिळाली तर सुटलो. नेमका हाच फरक हवाय ना?

शुद्धमराठी: तहकूब अरबी. ‘आस्थगित कर’ लिहा.

मुरबाडचा पण आता ऐरोली: मग रक्कम, बाकी, वसूल पण काढून टाका, बघू पत्रकात काय उरतं ते.

वाशीकरीण: तहकूब म्हणजे तह करून कुबड्या घेणे असं आमचे सर सांगायचे 😄

शुद्धमराठी: सरांनी चेष्टा केली असणार.

खारेगावकर: सभा तहकूब होते, कर कसा होईल? आमच्या सोसायटीची तर कोरमअभावी दर वेळी होते आणि अर्ध्या तासाने तेच सात जण परत बसतात.

नौपाडेकर: मंडळी, उद्या प्रिंटरला द्यायचंय. सध्या ‘कर नंतर भरायची सोय’ असं लिहून ठेवलंय, पण ते मथळ्यात मावत नाही.

वाशीकरीण: सीए साहेब, माझी एफडी मार्चमध्ये संपतेय, ती मोडू का?