"दोन्ही आकडे बरोबर" म्हणे! पुणे जिल्ह्याचं क्षेत्रफळ आणि एक मेल

रोहिणी_के: साहेबांनी विचारलं, मार्चच्या अहवालात पुणे जिल्हा 15,643 चौ. किमी. आणि जूनच्या अहवालात साडेसतरा हजार, असं कसं? मी मेल टाकला: "सर, मार्चचा आकडा जनगणनेतला आहे, जूनचा आम्ही नकाशावरून काढला. पद्धत वेगळी असल्याने फरक दिसतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत." ठीक आहे ना?

खडूस_नकाशावाला: अजिबात नाही. शेवटचं वाक्य वाचून चहा थंड झाला माझा. तुमचा लेयर वेब मर्केटरमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट करून वेबवर दाखवायच्या प्रोजेक्शनमध्ये आहे, पैजेवर सांगतो. त्या प्रोजेक्शनमध्ये विषुववृत्तापासून जितकं वर जाल तितकं क्षेत्र फुगतं. पुण्याच्या अक्षांशावर साधारण 12 टक्के, म्हणजे 15,643 चे बरोब्बर साडेसतरा हजार! क्यूजीआयएसमध्ये हे दोन्ही चालवून बघा:

```
area($geometry) / 1000000
$area / 1000000
```

पहिलं सपाट कागदावरचं मोजतं, लेयर ज्या प्रोजेक्शनमध्ये असेल त्यातलं. दुसरं प्रोजेक्टमध्ये इलिप्सॉइड लावलेला असेल तर पृथ्वीचा गोलावा धरतं. तुम्ही पहिलं वापरलंय. ही "पद्धत" नव्हे, चूक आहे.

ठाणेकर_नाना: एवढं चिडायला काय झालं? जिल्ह्याची हद्द बदलली असेल. आमच्या ठाण्याचं 9,558 होतं, 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला आणि 4,214 उरले. जुनी शेपफाइल वापरली की झालं कल्याण.

खडूस_नकाशावाला: नाना, ठाण्यापुरतं कबूल. पण पुणे जिल्हा अलीकडे कधी फुटला ते सांगा. आणि ओळखायची सोपी खूण आहे. सिंधुदुर्ग, पुणे आणि नागपूर तिन्ही काढा. फुगवटा सिंधुदुर्गात 9 टक्के, पुण्यात 12, नागपुरात 15 च्या वर आला, तर हद्दीचा काही संबंध नाही. हद्द अक्षांश बघून बदलत नसते.

मुळशीचा_पाटील: हेच आमच्या सातबाऱ्याचं! उताऱ्यावर 40 आर, मोजणी आणली तर 37. पुतण्यानं संगणकावर मोजलं तर 45. तीन आकडे, बांध एकच. शेजारी म्हणतो 37 खरे. त्याच्या बापाने बांध कोरला तेव्हा मी आठवीत होतो, डोळ्यांनी बघितलंय.

सांख्यिकी_ताई: पाटील, इथे जिल्ह्याचं चाललंय.

मुळशीचा_पाटील: जिल्हा काय आभाळातून पडतो का? आमच्या 3 आरांसारखे तुकडे जोडूनच होतो ना?

सांख्यिकी_ताई: खरं तर नाही, आणि इथं नकाशावाल्यांचंही चुकतंय. जनगणनेतली गावांची क्षेत्रफळं महसुली नोंदींतून येतात, जिल्ह्याचं सर्वेक्षण खात्याकडून. बेरीज जुळत नाही आणि हे त्या पुस्तकात लिहूनही असतं. तेव्हा "पद्धत वेगळी" हे रोहिणीचं म्हणणं सरसकट थापा नाही.

खडूस_नकाशावाला: बरं ताई, जिंकलात. फक्त त्या फरकाने जिल्हा दोन हजार चौ. किमी. वाढत नाही. मोजणीला चालणाऱ्या यूटीएम प्रोजेक्शनच्या झोन 43 मध्ये काढलंत तरी आठेक चौ. किमी. कमी येईल, तो मी "पद्धत" म्हणेन. पाटील, तुमच्या पुतण्याचे 45 हे 40 चे 12 टक्के फुगून आलेत, ते फाडून टाका. उरलेले 3 आर नकाशात नाहीत. यूटीएमची चूक तुमच्या वावरात एखादा चौ. मीटर.

मुळशीचा_पाटील: म्हणजे कोरलाच ना बांध! मी हेच 20 वर्षं सांगतोय.

खडूस_नकाशावाला: असं मी म्हटलं नाही.

ठाणेकर_नाना: साहेबांना मर्केटर-बिर्केटर कळणार आहे का? दोन ओळीत मिटवलं बाईंनी, बरं केलं.

सांख्यिकी_ताई: नाही मिटत, नाना. 2011 ची लोकसंख्या 94,29,408. खऱ्या क्षेत्रफळाने घनता 603, फुगलेल्याने 539. जूनच्या अहवालात "दर चौ. किमी." असलेला प्रत्येक आकडा खाली बसलाय. साहेब तेच पुढे पाठवतील.

रोहिणी_के: चालवून बघितलं. पहिलं साडेसतरा हजार, दुसरं 15,6xx. नागपूरही 15 च्या वर. टोमणे जरा कमी चालले असते, पण नवा मेल असा:

"सर, पुणे जिल्ह्यासाठी 15,643 धरावे. जूनचा आकडा माझ्याकडून चुकला: वेबवर दाखवायच्या नकाशावरून क्षेत्रफळ काढलं, त्यात ते 12 टक्के जास्त येतं. घनतेचे तक्तेही चुकलेत, सुधारलेले उद्या दुपारपर्यंत देते. मार्चचा अहवाल जसा आहे तसा वापरा."

खडूस_नकाशावाला: "माझ्याकडून" ऐवजी "आमच्याकडून" लिहा, लेयर कोणी दिला ते आधी बघा. बाकी चालेल.

मुळशीचा_पाटील: आणि 37 चं काय?