बाजारमूल्य नसलेल्या कंपनीचा आकार कशाने मोजावा?

मूळ मत: "शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचा आकार नक्त मूल्यानेच, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेनेच, मोजला पाहिजे. एकूण मालमत्ता हा कर्जाने आणलेला फुगवटा आहे."

कर्ज-विश्लेषक: हे विधान मला मुळीच मान्य नाही. एका कंपनीची मालमत्ता 300 कोटी आणि देणी 240 कोटी आहेत. दुसरीची मालमत्ता 80 कोटी आणि देणी 20 कोटी. दोघींचे नक्त मूल्य 60 कोटी, म्हणून तुमच्या मापाने त्या सारख्याच ठरतात, जरी पहिलीच्या ताब्यात जवळजवळ चौपट यंत्रे, माल आणि येणी असली तरी. तोटे साचून जिचे नक्त मूल्य उणे झाले आहे, पण जिचा कारखाना पूर्ण क्षमतेने चालू आहे, तिचा आकार तुम्ही किती सांगणार?

मूळ लेखक: उधारीवर उभा केलेला डोलारा म्हणजे आकार नव्हे. येणी बुडाली की तुमची पहिली कंपनी एका वर्षात संपेल.

कर्ज-विश्लेषक: ती जोखीम झाली. आकार आणि जोखीम यांची गल्लत करू नका.

उद्योजिका: माझे दुखणे वेगळेच आहे. आमची जमीन वडिलांनी 40 वर्षांपूर्वी घेतली. वहीत ती 2 कोटींना आहे आणि मूल्यांककाने ती 50 कोटींची ठरवली. तरीही नक्त मूल्य अपुरे असल्याचे सांगून आमचा कर्जाचा अर्ज फेटाळला गेला, आणि तशीच जमीन अलीकडे कर्ज काढून घेणारी कंपनी कागदावर आमच्यापेक्षा मोठी दिसते. हा सरळ अन्याय आहे.

मूळ लेखक: मग पुनर्मूल्यांकन करून घ्या, प्रश्न मिटला.

लेखापरीक्षक: तो इतक्या सहज मिटत नाही. आयएएस 16 या आंतरराष्ट्रीय लेखा मानकानुसार पुनर्मूल्यांकन करता येते, पण मग त्या वर्गातील सगळ्याच मालमत्तेचे करावे लागते आणि पुढेही ते अद्ययावत ठेवावे लागते. येथे एकूण मालमत्ता 48 कोटींनी वाढेल. नक्त मूल्य मात्र स्थगित कराची, म्हणजे या वाढीवर पुढे द्याव्या लागणाऱ्या कराची, तरतूद करावी लागली तर तेवढे वाढणार नाही. शिवाय अनेक कर्जदाते ही वाढ वजा करूनच नक्त मूल्य पाहतात.

उद्योजिका: म्हणजे खर्च आम्ही करायचा आणि आकडा त्यांनी पुसायचा! याला मोजमाप कसे म्हणता?

लेखापरीक्षक: तुमचा राग रास्त आहे, परंतु मूल्यांककाच्या मतावर कर्ज देऊन हात पोळलेले लोकही मी पाहिले आहेत. जुनी खरेदी किंमत दोन्ही मापांना सारखीच खाली ओढते, त्यामुळे मालमत्ता की नक्त मूल्य, या वादाने तुमची अडचण सुटत नाही. भाडेकरारांचे उलट आहे: 2019 पासून भाडेकरार ताळेबंदात दाखवायला लावणारे आयएफआरएस 16 हे मानक लागू झाल्यावर अनेक कंपन्यांची एकूण मालमत्ता वाढली, पण तेवढीच देणीही आल्यामुळे नक्त मूल्य फारसे हलले नाही. त्या वर्षाची आधीच्या वर्षाशी तुलना करून कंपनी वाढली असे म्हणणे चूक ठरेल.

मूळ लेखक: उण्या नक्त मूल्याचा मुद्दा नाइलाजाने मान्य करतो. पण मालकाचे स्वतःचे किती गुंतले आहे, हे एकूण मालमत्ता कधीच सांगत नाही.

कर्ज-विश्लेषक: नाही सांगत. तो प्रश्न आकाराचा नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

उद्योजिका: आणि माझ्या जमिनीचे काय?