अनुभव धागा: घरगुती डब्याची आठवड्याची मेनू-पोस्ट कशी लिहिता?

घरून डबे देणाऱ्यांनी आणि डबा लावलेल्यांनी लिहा. मेनू, महिन्याचा दर, डबा कुठपर्यंत पोचतो आणि डबा लावायचा कसा, एवढं पोस्टमध्ये हवंच. पण वाद नेमका कोणत्या ओळीवरून होतो?

पोळपाट
खाड्यावरून. ‘महिना 2860’ एवढंच लिहिलं की भांडण ठरलेलं. रविवार बंद धरला तर कुठल्या महिन्यात 24 डबे होतात, कुठल्यात 27. म्हणून महिना विकू नये, डबे विकावेत. डोंबिवली पूर्वेतल्या रात्रीच्या डब्याची आमची पोस्ट अशी:

> सोम: मेथीची सुकी भाजी, वरण
> मंगळ: भरली वांगी, आमटी
> बुध: मटकीची उसळ, कढी
> गुरू: फ्लॉवर-बटाटा, वरण
> शुक्र: दुधी-चणाडाळ, टोमॅटोचं सार
> शनि: बटाट्याची भाजी, मसालेभात
> रविवार बंद. रोज 4 पोळ्या, कोशिंबीर. सोम ते शुक्र साधा भात.
> 26 डबे 2860 रुपये. भात-वरणाशिवाय 2080.
> फक्त पूर्व. सोसायटीच्या गेटवर, 7.30 ते 8.30.
> खाडा त्याच दिवशी सकाळी 11 पर्यंत कळवा. जास्तीत जास्त 4 खाडे, ते पुढे सरकतील, पैसे परत नाहीत.
> डबा लावण्यासाठी: नाव, इमारत, पूर्ण की अर्धा, तिखट कमी का, हे मेसेज करा. आधी एक डबा 110 रुपयांत चाखून बघा. पटला तर पैसे भरा, दुसऱ्या दिवसापासून सुरू.

सोमवारी सुरू केलेला डबा पाचव्या आठवड्याच्या मंगळवारी संपतो. दोन खाडे झाले तर गुरुवारी, चारही घेतले तर शनिवारी. म्हणजे कसंही केलं तरी पाच आठवड्यांत हिशोब मिटतो.

चिंचगूळ
11 उशीर नाही का होत? मटकी तर सोमवारी रात्रीच भिजत घालावी लागते, तेव्हा कुठे बुधवारपर्यंत मोड येतात.

पोळपाट
उसळ वाटीभर उरली तर घरात खपते. वाया जातात त्या पोळ्या. 12 डब्यांना 48 पोळ्या, म्हणजे साधारण दीड किलो कणीक, आणि ती दुपारी भिजवतो. त्याआधी आकडा कळला की पुरे. मेथी सोमवारी का, तर भाजी रविवारी आणतो. पालेभाजी शनिवारी लिहिली तर पिवळी पडलेली जुडी निवडत बसावं लागतं.

रोजचा_लोकल
पूर्व म्हणजे तुकारामनगर येतं का? दोन डबे हवे होते, एक बिनकांद्याचा.

पोळपाट
अहो, ही जाहिरात नाही, नमुना आहे! व्यनि करा.

हिशेबनीस
घरगुती असेल तर कसलीच नोंदणी लागत नाही, तेवढं पोस्टमध्ये लिहायची गरज नाही.

ताटवाटी
दुकान-परवाना आणि अन्न-नोंदणी यांत गल्लत होतेय. घरून विकलं तरी FSSAI ची नोंदणी लागते. लहान व्यवसायाला मोठा परवाना लागत नाही, एवढं तुमचं बरोबर. 14 आकडी नंबर पोस्टच्या तळाशी टाकावा.

हद्दीबद्दल: ‘3 किलोमीटरपर्यंत’ असं लिहू नका. डोंबिवलीत रुळांपलीकडे सरळ रेषेत अर्धा किलोमीटर असतं, पण पूल चढून डबा न्यायला वीस मिनिटं जातात. कुठल्या बाजूला, गेटवर की दारात आणि किती वाजता, हे लिहावं. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत पाचवा मजला चढला की पुढचे चार डबे उशिरा पोचतात.

आईचा_डबा
आमच्या बाबांना मधुमेह आहे. भाताऐवजी ज्वारीची भाकरी कोणी देईल का, ते कुठल्याच पोस्टमध्ये नसतं.

चिंचगूळ
रोज एका माणसासाठी भाकरी थापणं जमत नाही, तीनचार गिऱ्हाइकं झाली तर जमतं. ‘भाकरी मंगळ-शुक्र’ असं लिहिलं की विचारणारे आपोआप जमतात. भाकरी गार झाली की कडक होते, म्हणून ती सगळ्यात शेवटी करून कापडात गुंडाळावी. पोळ्याही वाफ जाईपर्यंत जाळीवर ठेवाव्यात, नाहीतर डब्यात घाम धरतात आणि खालची लगदा होते. गिऱ्हाईक मग ‘पोळी कच्ची’ म्हणतं.

रोजचा_लोकल
स्टीलचा डबा की फेकायचा? पोस्टमध्ये तेही लिहा. रिकामा डबा परत द्यायचा राहिला की दुसऱ्या दिवशी गेटवर वाद.

पोळपाट
स्टील. माणशी दोन जोड, 300 रुपये अनामत. आज भरलेला द्यायचा, कालचा रिकामा घ्यायचा. ओळ राहिलीच वरच्या नमुन्यात, घालते.

ताटवाटी
खाड्याचे पैसे परत नाहीत, हे मात्र पटत नाही. महिनाअखेर गावी कायमचं परतणाऱ्याने उरलेले चार डबे कुठे खायचे?

हिशेबनीस
चार डबे म्हणजे 440 रुपये. अनामत परत करतानाच द्यावेत.

पोळपाट
एकाला दिले की सगळे मागतात. मी अजून तरी देत नाही.