कमाई ५,७७०, खात्यात २,८९४. मधले कोणी खाल्ले?

पेट्रोल_संपलं
फूड डिलिव्हरीचं गेल्या आठवड्याचं स्टेटमेंट: ११५ ऑर्डर. ऑर्डर पे ४,४६०, वेटिंग १८०, पावसाचे ३१०, टिप १२०, इन्सेन्टिव्ह ७००. बेरीज ५,७७०. त्यातून कॅश २,३५०, बॅगेचा हप्ता २००, पेनल्टी २६८, टीडीएस ५८. खात्यात २,८९४. अर्धी कमाई कापली! सरळ लूट आहे. कंपनीची तरफदारी करायची असेल त्यांनी इथे फिरकू नये.

हिशेबनीस
फिरकतोच. असल्या पोस्टी वाचून नवीन पोरं घाबरतात आणि जिथे खरंच पैसे जातात ती ओळ कोणी बघत नाही.

२,३५० ही कपात नाहीच. गिऱ्हाइकांनी तुमच्या हातात दिलेली रोख, वजा तुम्ही भरलेली. उरलेली तुमच्या खिशात आहे, म्हणून ती पेआउटमधून वळती केली. ती बाजूला ठेवा. खरी कपात २००, २६८ आणि ५८, म्हणजे ५२६. तुमची कमाई ५,२४४, निम्मी नव्हे.

आता त्या २,३५० ची ऑर्डरवार तपासणी मात्र करा. घोळ दोन ठिकाणी होतो. गिऱ्हाईक दारात रोखीऐवजी कंपनीच्या क्यूआरवर पैसे भरतं आणि ऑर्डर तुमच्या नावावर रोखीचीच राहते. किंवा ऑर्डर उचलल्यावर रद्द होते, पार्सल हॉटेलला परत जातं, पण तिची रक्कम तुमच्याकडे येणं म्हणून उभी राहते. शिवाय रोख भरल्याचा यूपीआयचा यूटीआर क्रमांक जपून ठेवा. भरणा दिसत नसेल तर सपोर्टवाले पहिला तोच मागतात.

पेट्रोल_संपलं
बरं, कॅश सोडा. पेनल्टी? पार्सल दिलं, गिऱ्हाईक म्हणालं मिळालं नाही, २६८ कापले. हे पण माझ्याच खिशात आहेत का?

हिशेबनीस
नाहीत. तिथे तुमचं खरं आहे. पण मला एक सांगा, इन्सेन्टिव्हच्या पानावर ऑर्डर किती मोजल्यात आणि स्लॅब काय आहेत?

पेट्रोल_संपलं
११४. स्लॅब ९० ला ७००, ११५ ला १,२००. आत्ता बघितलं. एक कमी कशी?

हिशेबनीस
तीच. 'मिळालं नाही' तक्रारीची ऑर्डर मोजणीतून काढली. तिचा ऑर्डर पे दिला, पण स्लॅब गेला. पेनल्टीच्या ओळीत २६८ दिसतात, तुम्हाला ती ऑर्डर ७६८ ला पडली. ते ५०० स्टेटमेंटमध्ये कपात म्हणून कुठेच येत नाहीत, कारण ते कधी जमाच झाले नाहीत.

सपोर्टला तक्रारीचं तिकीट टाकताना फक्त 'पेनल्टी परत करा' लिहू नका. ऑर्डर आयडी, डिलिव्हरी मार्क केल्याची वेळ, ओटीपी घेतला असेल तर ते, नसेल तर दारातला फोटो आणि कॉल लॉग द्या. खाली वेगळी ओळ लिहा: ऑर्डर मोजणीत परत घ्या, आठवड्याचा इन्सेन्टिव्ह फेरमोजा. नाहीतर २६८ परत करून तिकीट बंद करतात.

रात्रपाळी
अजून एक कारण असू शकतं. रविवारी रात्री बारानंतर पोचवलेली ऑर्डर पुढच्या आठवड्यात धरतात. तुमच्या ट्रिप लिस्टमध्ये ११६ असतील तर एक तशी असेल.

पेट्रोल_संपलं
११६ च आहेत. म्हणजे पाऊण तास उशिरा निघालेल्या बिर्याणीने पण मला बुडवलं!

रात्रपाळी
बुडवलं नाही, पुढच्या सोमवारी धरली. तिच्यावर अवलंबून राहू नका एवढंच.

वकीलसाहेब_नाही
मूळ मुद्दा कोणीच बोलत नाही. वेतन संहितेप्रमाणे ५० टक्क्यांहून जास्त कापताच येत नाही. केस होते.

हिशेबनीस
ती मर्यादा पगारी कामगाराच्या वेतनाला आहे. डिलिव्हरी पार्टनर करारावर असतो, त्याला ती लागू करून घ्यायची तर आधी तो कामगार आहे हे सिद्ध करावं लागेल. आणि वळती केलेली रोख ही कपात नव्हेच. २१ नोव्हेंबर २०२५ ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यात गिग कामगार आले आहेत. कंपनीने उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे, कमाल मर्यादा पार्टनरांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्के. ते कंपनीने भरायचे. तुमच्या कपातीत तशी ओळ दिसली तर जरूर ओरडा.

वकीलसाहेब_नाही
म्हणजे मी अर्धा बरोबर होतो.

हिशेबनीस
पाव.

घरपोच_खाऊ
मी ग्राहक आहे. मी ४५ रुपये डिलिव्हरी फी देतो, तर ती याला ऑर्डर पेमध्ये पूर्ण का मिळत नाही? आधी ते सांगा.

रात्रपाळी
कारण तुमची फी आणि त्याचा दर हे दोन वेगळे हिशेब आहेत. तुम्ही मेंबरशिप घेऊन फुकट मागवलंत तरी त्याला ऑर्डर पे मिळतोच. टिपची ओळ तेवढी तुमच्याकडून येते, ती बघा.

डबल_पिकअप
तुम्ही सगळे पेनल्टीवर बसलात. खरी कात्री ऑर्डर पेमध्ये आहे आणि ती बॅचची, एका खेपेत दोन ऑर्डर जोडतात त्याची. आमच्या झोनचा दर असा: मूळ १०, पिकअपचे किलोमीटरला ५, ड्रॉपचे किलोमीटरला ७. पिकअप २ आणि ड्रॉप ३ किलोमीटर, एकटी ऑर्डर ४१. त्याच हॉटेलमधली दुसरी जोडली की तिचा पिकअप शून्य, ड्रॉप पहिल्या दारापासून १ किलोमीटर. १७ रुपये! दोन ऑर्डर ५८, सुट्या असत्या तर ८२.

रात्रपाळी
सुट्या असत्या तर दोनदा हॉटेलला जावं लागलं असतं. एका खेपेत ४१ ऐवजी ५८, आणि स्लॅबमध्ये दोन मोजतात.

डबल_पिकअप
सगळीकडे मोजत नाहीत, काही झोनमध्ये स्लॅब कमाईवर असतो. आणि दुसरी ऑर्डर तयार नसेल तर पहिली थंड होते, शिव्या मी खातो. वेटिंग दुसरीचंच मिळतं.

रात्रपाळी
मग बॅच नाकारा.

डबल_पिकअप
आणि नाकारण्याची मर्यादा ओलांडली की आठवड्याचा इन्सेन्टिव्ह शून्य! घरात बसून सल्ले सोपे असतात.

रात्रपाळी
घरात बसून? माझी ट्रिप लिस्ट टाकू का?

हिशेबनीस
भांडा, पण आधी भागाकार करा. पे भागिले ऑर्डर हे निरुपयोगी आहे, पे भागिले खेपा करा. पेट्रोल खेपेला लागतं. बॅच तोट्याची आहे की नाही ते तिथेच कळतं, आणि प्रत्येक झोनचं उत्तर वेगळं निघेल. नकाशावरच्या किलोमीटरवर पैसे देतात, गाडीच्या मीटरवर नाही, हे मात्र डबल_पिकअपचं म्हणणं असेल तर शंभर टक्के खरं. पिन चुकीची असेल तर जास्तीचे किलोमीटर तिकीट टाकल्याशिवाय येत नाहीत.

डबल_पिकअप
मी हे म्हणालोच नव्हतो. पण चला, धन्यवाद, कोणीतरी काहीतरी मान्य केलं.

पेट्रोल_संपलं
टीडीएसचं राहिलं. ५८ कशाचे?

हिशेबनीस
५,७७० चा एक टक्का. रोख वळती करण्याआधीच्या रकमेवर लागतो. फॉर्म २६एएसमध्ये जमा दिसला पाहिजे. कर लागत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो, अनेक जण भरतच नाहीत. ही ओळ कमाईच्या पाचव्या हिश्शाएवढी दिसली तर पॅन नोंदलेलं नाही किंवा आधारशी जोडलेलं नसल्याने बंद पडलंय, आधी ते सुधारा.

पेट्रोल_संपलं
तिकीट टाकलं, दोन्ही ओळी लिहून. लूट आहे हे माझं मत कायम, फक्त रक्कम ७६८ धरा.

वकीलसाहेब_नाही
आणि बॅगेचे २००? जॉईन होताना हप्ते किती सांगितले होते?

पेट्रोल_संपलं
पाच. हा सातवा आहे.

हिशेबनीस
मग हे सुरुवातीलाच का नाही सांगितलंत! दुसरं तिकीट टाका, वेगळं. एकातच लिहिलंत तर दोन्ही लटकतील.