चार्ट गायब झालेले डी.आय. संच: सोडवायचे की फेकायचे?

रात्रीची_अभ्यासिका
बँक परीक्षेची तयारी करतेय. झेरॉक्सच्या झेरॉक्समधून आलेल्या संचांत चार्टच्या जागी नुसता पांढरा चौकोन असतो. खाली प्रश्न, शेवटच्या पानावर की. एक नमुना देते. पाय चार्ट, कुटुंबाचं मासिक उत्पन्न ३६,००० रुपये, भाग पाच: अन्न, घरभाडे, शिक्षण, प्रवास, बचत. प्रश्न, आणि कंसात कीमधलं उत्तर:
१) घरभाड्याचा केंद्रीय कोन? (७२°)
२) अन्न व घरभाडे मिळून खर्च? (१८,०००)
३) बचत अन्नखर्चापेक्षा कितीने कमी? (१,८००)
४) शिक्षण व प्रवास यांच्या खर्चाचे गुणोत्तर? (३:२)
५) शिक्षणाचा खर्च बचतीच्या किती टक्के? (६०)
रूममेट म्हणते रद्दीत घाल. तुमचं मत काय?

घड्याळवाला
रूममेट बरोबर आहे. प्रिलिम्सला ३५ गणितं, २० मिनिटं. डी.आय.मध्ये खरा वेळ जातो तो कुठला भाग कशाचा, आकडा टक्क्यात आहे की अंशात, हे बघण्यात. चार्टच नाही म्हटल्यावर सराव कसला करणार? एमपीएससीचा पेपर असेल तर आयोगाच्या संकेतस्थळावरून मूळ प्रत उतरवून घे, त्यात चार्ट असतो.

ताळेबंद
एमपीएससीचं ठीक आहे. पण आयबीपीएस पेपर जाहीरच करत नाही. बाजारात फिरतात ते मुलांनी बाहेर येऊन आठवून सांगितलेले प्रश्न. प्रश्न आठवतात, चार्ट कुणाला तंतोतंत आठवत नाही. मग ते सगळंच रद्दीत?

नमुन्याकडे नीट बघा, यातला चार्ट हरवलेलाच नाही. ३६,००० म्हणजे ३६०°, एका अंशाला १०० रुपये. घरभाडे ७२°, म्हणून ७,२००. दुसऱ्या प्रश्नातून अन्न १०,८००. तिसऱ्यातून बचत ९,०००. या तिघांची बेरीज २७,०००, म्हणजे शिक्षण आणि प्रवासाला मिळून ९,००० उरले. ते ३:२ ने वाटले की ५,४०० आणि ३,६००. कोन झाले १०८, ७२, ५४, ३६ आणि ९०. काढा वर्तुळ.

पाचवा प्रश्न अजून हात न लावता ठेवलाय, तो पडताळ्याला. ९,००० चे ६० टक्के ५,४००. जुळलं. हे जुळलं नसतं तर की चुकीची छापलीय किंवा कुणीतरी प्रश्न उलटा आठवलाय, हे लगेच कळलं असतं. चार्ट समोर असताना मुलं हा पडताळा कधी करत नाहीत.

पर्यायपटू
की तरी कशाला हवी? चार प्रश्नांचे चार-चार पर्याय घ्या, एकेक जोडी लावून बघा, चुकीची जोडी आपोआप पडते. समजा दुसऱ्याचा पर्याय १६,२०० घेतला. अन्न ९,०००, बचत ७,२००, उरले १२,६००, त्यातलं शिक्षण ७,५६०. कोन ७५.६°. असला कोन पेपर काढणारा देईल का? आणि टक्केवारी येते १०५. गेला पर्याय. मी असंच करतो.

ताळेबंद
वेडेवाकडे कोन गाळायची युक्ती चांगली आहे, पुष्कळदा चालते. पण तुमचं उदाहरण सोयीचं निवडलंय. चौथ्याचा पर्याय १:१ घ्या. शिक्षण ४,५००, प्रवास ४,५००, दोन्ही कोन स्वच्छ ४५°. पाचव्याचं उत्तर ५० टक्के. @रात्रीची_अभ्यासिका, पर्यायांत १:१ आणि ५० आहेत का?

रात्रीची_अभ्यासिका
आहेत दोन्ही.

ताळेबंद
मग कीशिवाय दोन चार्ट निघाले, दोन्ही तितकेच देखणे. चुकीचे पर्याय काही लॉटरीने काढत नाहीत. गडबडलेल्या मुलाचं जे उत्तर येईल तेच तिथे छापतात, म्हणून ते एकमेकांशी जुळून येतात.

पर्यायपटू
दोन उरले तरी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं दोन्हींत तीच आहेत ना? पाचपैकी तीन गुण. माझं म्हणणं अर्धं तरी धरा.

शब्दांचा_चष्मा
माझं थोडं वेगळं आहे. मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर अभ्यास करतो. चार्ट आला की तो नुसतं 'इमेज' म्हणतो आणि थेट प्रश्नांवर जातो. तुमचं हरवलेलं पान माझ्यासाठी रोजचं आहे. एसएससी सीजीएलच्या जाहिरातींत आम्हाला आलेख आणि आकृत्यांचे प्रश्न नसतील अशी तरतूद वाचली आहे, पण सरावाच्या पुस्तकांना कोण सांगणार? पाच भागांच्या पाय चार्टला पाच आकडे आणि एक बेरीज, इतकंच लिहायचं असतं. कोष्टक म्हणून एका ओळीत मावतं.

घड्याळवाला
दादा, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण तो छापणाऱ्यांना सांगायचा. इथे प्रश्न सरावाचा आहे. ताळेबंद सरांनी जे केलं ती समीकरणं झाली, डी.आय. नव्हे. आणि ३६,००० शीर्षकात होतं म्हणून जमलं. ते पुसलं गेलं असतं तर?

ताळेबंद
चांगला प्रश्न. एकूण उत्पन्न ३०,००० धरून बघा. घरभाडे ६,०००, अन्न १२,०००, बचत १०,२००, शिक्षण १,०८०, प्रवास ७२०. पहिल्या चारही उत्तरांत बसतं! पाचव्यावर मात्र अडकतं, कारण १,०८० हे १०,२०० च्या साधारण साडेदहा टक्केच. पाचवं उत्तर समीकरणात घेतलं की फक्त ३६,०००च उरतात. म्हणजे एकूण आकडा मिळाला, पण पडताळा खर्ची पडला. आता कीमधलं एक उत्तर चुकलेलं असेल तर आपण चुकीचा चार्ट बिनबोभाट काढून बसू.

रात्रीची_अभ्यासिका
बार चार्टचं काय? माझ्याकडे एक आहे, दोन कंपन्या, पाच वर्षं, उत्पादन हजार टनांत. प्रश्न पाचच.

ताळेबंद
तो सोडा. दहा अज्ञात, पाच अटी. पायमध्ये सगळे भाग मिळून ३६०° भरतात, ही एक अट फुकट मिळते, इथे तीही नाही. शिवाय सगळे प्रश्न गुणोत्तर आणि टक्क्यांचे असतील तर सगळे स्तंभ दुप्पट केले तरी उत्तरं तीच राहतात, मग उंची ठरवणार कशी? फक्त पोटातच माहिती असलेला प्रश्न शोधा, 'उत्पादन २० टक्के वाढून नंतर २० टक्के घटले तर' अशा धर्तीचा. तो चार्टविना सुटतो.

घड्याळवाला
म्हणजे बार चार्ट रद्दीत. चला, निम्म्या गठ्ठ्यावर तरी एकमत झालं.

पर्यायपटू
बार चार्टचे पर्याय टाका ना इथे. बघू.

रात्रीची_अभ्यासिका
टाकते. पण त्या संचाची की पुढच्याच संचाची वाटतेय, चौथ्याचं उत्तर '१४४°' छापलंय.