मदत हवी आहे: शिल्लक रजा सहकाऱ्याला कशी द्यायची?

नमस्कार. सोलापूर एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात हजेरी-पगाराचं काम बघतो. आमच्या एका कामगाराच्या बायकोचं डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून तीनदा. त्याची रजा संपलीय, आता खाडे पडतायत. तीन महिन्यांना साधारण 39 दिवस लागतील. इकडे बऱ्याच जणांची हक्काची रजा 30 च्या वर साठली की बुडते. ती त्याला देऊ द्या, असा अर्ज मालकांकडे नेतोय.

अडलंय एका ठिकाणी. सुपरवायझरचा दिवस 1,100 रुपयांचा, याचा 550 चा. दिवसाला दिवस धरायचा, की रुपयांत मोजून याला दोन द्यायचे? मालक पहिल्यालाच हो म्हणतील, असं वाटतं. देणाऱ्यांची नावं मात्र फळ्यावर लावणार नाही, उगाच न देणारा ओशाळतो. कुणाकडे असा नियम चालू आहे का?