मदत हवी आहे: हॅमिंग डिस्टन्स २ असेल तर दोन बिटची चूक कधी कधी कशी सापडते?

नमस्कार मंडळी, डिजिटलचा अभ्यास करतेय आणि दोन वाजल्यापासून एकाच जागी अडकलेय. टू-आऊट-ऑफ-फाइव्ह कोडमध्ये पाच बिटपैकी बरोबर दोन १ असतात, म्हणजे असे १० शब्द, ० ते ९ आकड्यांसाठी. 11000 आणि 10100 शेजारी ठेवले की दोनच जागी फरक दिसतो, म्हणून किमान डिस्टन्स d = २. नियमाप्रमाणे d-1 म्हणजे एकच चूक ओळखता येते, आणि दुरुस्त करायला d निदान ३ लागतं म्हणून दुरुस्ती शून्य. हे पटतं, कारण 10000 आलं तर चुकलंय हे लगेच कळतं पण मूळ 11000, 10100, 10010, 10001 यातलं कुठलंही असू शकतं.

आता अडचण. 11000 चे दोन्ही १ उडून 00000 झालं तर दोन बिट चुकूनही सापडतंय ना, पण एक १ गेला आणि दुसरीकडे ० चा १ झाला, जसं 01100, तर काहीच कळत नाही. मी सगळ्या १० जोड्या करून बघितल्या, ४ सापडतात नि ६ निसटतात. मग "एकच चूक ओळखतो" म्हणजे हमखास फक्त एक, असाच अर्थ घ्यायचा का?

आणि मैत्रीण म्हणते सहावा पॅरिटी बिट लाव, डिस्टन्स ३ होईल. पण दोन १ कायम असल्याने इव्हन पॅरिटी बिट नेहमी ० च येतोय, मग डिस्टन्स वाढणार कसं? माझं कुठे चुकतंय का, प्लीज कोणीतरी बघा, परवा पेपर आहे.